फोटोत व्ही-३०, कागदावर भलतंच

टोमॅटोची दुसरी फवारणी झाली, तार-काठीचं काम चालू आहे, त्याचं उद्या लिहितो. आज जरा वेगळं. गाडीचं लिहितो, कारण माल शेतात पिकवून भागत नाही, तो बाजारात न्यावा लागतो, आणि या आठवड्यात माझा भाचा थोडक्यात फसता फसता वाचला.

भाचा म्हणजे थोरल्या बहिणीचा मुलगा. दोन वर्षं झाली, टोमॅटोची खरेदी करतो. आमच्या पट्ट्यातल्या बांधावरून माल उचलायचा, थोडा नारायणगावच्या बाजारात द्यायचा, थोडा पुण्याला मार्केट यार्डात. आतापर्यंत भाड्याच्या टेम्पोवर चाललं. पण भाडं देऊन देऊन हातात काही उरत नाही म्हणून यंदा स्वतःची गाडी घ्यायची ठरवली. बहिणीनं गळ्यातलं मोडलं, दीड लाख मी द्यायचं कबूल केलं, बाकीचं कर्ज. म्हणजे पैसा तिघांचा, आणि चूक झाली तर तिघांची.

मंगळवारी दुपारी त्याचा फोन. "मामा, व्हॉट्सॲप बघा, गाडी मिळाली. व्ही-३० हाय, तेराशे किलोची, मॉडेल २०२१, पाच लाख तीस हजार सांगतोय. संध्याकाळपर्यंत वीस हजार इसार टाकला तर ठेवतो म्हणतोय, नायतर दुसरं गिऱ्हाईक तयार हाय." मी म्हणलं, थांब, आधी फोटो बघू दे.

फोटो तीन. एक पुढून जरा तिरका, एक बाजूनं, एक हौद्याचा मागून. नंबरप्लेटवर कुणाचा तरी हात. दारावर व्ही-३० असं लिहिलेलं.

आता बघा, छोट्या गाड्या ओळखायच्या म्हणजे पहिली पायरी सोपी आहे, ती आपल्यातलं शेंबडं पोरही करतं. पुढं नाक आहे का नाही? नाक असलं तर आपल्याकडं बहुतेक बोलेरो पिकअप. नाक नसलं आणि चाकं अगदी बारकी, बारा इंची असली तर छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, नाहीतर त्याच्या जोडीच्या गाड्या. नाक नाही पण केबिन मोठी, चाकं चौदा-पंधरा इंची, तर दोस्त किंवा इंट्रा. भाच्याच्या फोटोतली गाडी इंट्रा होती यात शंका नव्हती. तोंडावरूनच कळत होतं.

खरी अडचण इथून पुढं सुरू होते. इंट्रा ही एक गाडी नाही, एका तोंडाची भावंडं आहेत. मे २०१९ मध्ये ती आली तेव्हा व्ही-१० आणि व्ही-२० अशा दोन होत्या. पुढं व्ही-३० आणि व्ही-५० आल्या. व्ही-१० एक टनाची, व्ही-३० तेराशे किलोची, व्ही-५० दीड टनाची. पुढून बघितलं तर सख्खी भावंडं, आपल्यासारख्याला फरक कळत नाही. फरक मागं असतो, हौद्याच्या लांबीत, पाट्यांत, टायरात, आणि केबिनखाली इंजिनात. व्ही-१० ला दोन सिलिंडरचं ७९८ सीसीचं डिझेल इंजिन, व्ही-३० ला १४९६ सीसीचं. आणि दारावरचा आकडा? तो रेडियमच्या दुकानात पन्नास रुपयांत मिळतो. म्हणून मी स्टिकरवर विश्वास ठेवत नाही.

मला शंका का आली ते सांगतो. मागच्या फोटोत हौदा मला आखूड वाटला. पण "वाटला" यावर पाच लाख सोडता येत नाहीत आणि देताही येत नाहीत. म्हणून मोजायचं ठरवलं.

बाजूचा फोटो घेतला. आमच्या आळीत एकाची व्ही-३० आहे, कागदासकट माझ्या ओळखीची, तिच्याकडं टेप घेऊन गेलो. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत २४५ सेंटिमीटर भरलं. मग लोखंडी रिम कडेपासून कडेपर्यंत मोजली, ३८ सेंटिमीटर. रिमच मोजायची, टायर नाही. टायर झिजतो, मोठ्या गाडीला जाड असतो, हवा कमी असली की बसतो, त्यामुळं टायरवरून हिशेब चुकतो. रिम मात्र चौदा इंची म्हणजे चौदा इंचीच राहते. २४५ ला ३८ नं भागलं, आलं साधारण साडेसहा. म्हणजे व्ही-३० असेल तर दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर रिमच्या साडेसहा पट दिसलं पाहिजे.

आता भाच्याचा फोटो पोराच्या लॅपटॉपवर मोठा करून पट्टी लावली. रिम १९ मिलिमीटर, दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर ११३ मिलिमीटर. ११३ भागिले १९ म्हणजे ५.९५. गुणिले ३८ केलं तर २२६ सेंटिमीटर. व्ही-१० चं अंतर कंपनीच्या माहितीत २२५० मिलिमीटर म्हणजे २२५ सेंटिमीटर आहे. गाडी व्ही-३० नव्हती, हे मला तिथंच कळलं.

पण मोजणीला मर्यादा आहेत, त्या न सांगता पुढं गेलो तर कुणीतरी चांगली गाडी सोडून बसायचा. फोटो सरळ बाजूनं काढलेला पाहिजे. फोटोतली पुढची रिम आणि मागची रिम सारख्याच आकाराची दिसली पाहिजे. एक मोठी एक लहान दिसत असेल तर काढणारा एका टोकाला जवळ उभा होता, तो फोटो मोजायला टाकाऊ. रिम उभी अंडाकृती दिसत असेल तर फोटो तिरका आहे, मग रिमची उंची न घेता आडवी रुंदी मोजायची, कारण अंतरही तेवढंच आखडलेलं असतं. आणि दोन पावलांवरून काढलेला फोटो कडेला ओढला जातो. दहा-पंधरा पावलं मागं जाऊन, चाकाच्या उंचीवर वाकून काढलेला चांगला. एवढं करूनही एक-दोन मिलिमीटरची चूक पट्टीत होतेच. ती चाकांच्या अंतरात झाली तर २२५ आणि २४५ मधला फरक टिकतो, पण रिम मोजताना झाली तर टिकत नाही, म्हणून रिम जपून मोजायची. पण व्ही-२० आणि शेजारच्या भावंडांतला गोंधळ फोटोवर सुटत नाही, तो इंजिनाच्या सीसीवर आणि कागदावरच सुटतो.

आता तेराशे आणि हजार यांत काय एवढं, असं काहीजण म्हणतील. आपल्या क्रेटनं मोजून दाखवतो. क्रेटमध्ये टोमॅटो वीस किलो, क्रेटचं स्वतःचं दोन किलो, धरा बावीस. गाडीचं पेलोड म्हणजे आरसी बुकातलं भरलेलं वजन वजा रिकामं वजन. आणि हे कुणी ध्यानात घेत नाही, रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. ड्रायव्हर आणि एक हमाल मिळून एकशे चाळीस किलो यातूनच जातात. तेराशेची गाडी असेल तर ११६० उरले, बावन्न क्रेट बसले. हजाराची असेल तर ८६० उरले, एकोणचाळीस क्रेट. प्रत्येक खेपेला तेरा क्रेटचा फरक. भाच्याला क्रेटमागं पंचवीस रुपये वाहतूक सुटते, म्हणजे खेपेला सव्वातीनशे. हंगामात महिन्याला वीस खेपा धरल्या तर साडेसहा हजार. कर्जाच्या हप्त्यातला मोठा तुकडा झाला की हा.

जागा म्हणाल तर दोन्ही गाड्यांत भरपूर असते. क्रेट एकावर एक चार थर लावले की साठ-पासष्ट सहज बसतात. फसतो माणूस इथंच. हौदा रिकामा दिसतो म्हणून भरत जातो. मी स्वतः ही चूक केलेली आहे. २०१४ साली माझ्याकडं जुना छोटा हत्ती होता, साडेसातशे किलोचा. भाव चढलेला, दुसरी गाडी मिळेना, मी त्यात साठ क्रेट टाकले. तेराशे किलोच्या वर गेलं. खेडच्या घाटात उतारावर ब्रेक तापून वास यायला लागला, पेडल खालपर्यंत जायला लागलं. पहिल्या गिअरला टाकून, कडेला दगड लावून कशीबशी उभी केली. मागचा एक पाटा तुटलेला निघाला. त्यात गाडीची काय चूक? चूक माझी. पण त्या दिवसापासून पेलोड हा आकडा मी मनावर घेतो.

आणि पाटे वाढवले की गाडी दीड टनाची झाली असं विकणारा सांगतो, त्यावर जाऊ नका. पाटे वाढले तरी ब्रेक, ॲक्सल, टायर तेच राहतात. कायद्याला तर बुकातलाच आकडा कळतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४, २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा. उन्हात उतरवलेल्या टोमॅटोचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

भाच्याला फोन लावला. म्हणलं, भांडू नको, चोर म्हणू नको. फक्त चार फोटो मागव. आरसीच्या दोन्ही बाजू. चेसिस नंबरचा जवळून फोटो. टायरच्या कडेवरची अक्षरं. आणि हौद्यात टेप लांबवून, शून्य एका टोकाला आणि आकडा दुसऱ्या टोकाला दिसेल असा. खरं विकणारा हे पाच मिनिटांत पाठवतो.

तासभर काही नाही. मग टायरचा आणि टेपचा फोटो आला. टेपवर २५१ दिसत होतं. व्ही-३० चा हौदा २६९ चा असतो. आरसी "फायनान्सवाल्याकडं हाय" म्हणे. भाच्यानं माझ्या सांगण्यावरून नंबर मागितला, म्हणाला इसार टाकायच्या आधी एम-परिवहनवर बघतो. तेव्हा कुठं आरसीचा फोटो आला. इंजिन ७९८ सीसी. भरलेलं वजन २१२०. व्ही-३० चं २५६५ असतं. वर बोजा चढलेला तो वेगळाच.

चेसिस नंबरही बघितला. सतरा अक्षरं असतात. टाटाच्या गाडीचा नंबर एमएटी पासून सुरू होतो. डावीकडून दहावं अक्षर वर्षाचं. के म्हणजे २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२. या गाडीचं दहावं अक्षर एल. नोंदणी २०२१ ची, म्हणून "२०२१ मॉडेल" म्हणत होता. बनलेली २०२० ची. ही लबाडीच असेल असं नाही. शोरूमच्या आवारात उभी राहिलेली गाडी पुढच्या वर्षी नोंदली जाते. पण भाव ठरवताना बनल्याचं वर्ष धरायचं.

विकणाऱ्यानं सांगितलं की स्टिकर आधीच्या मालकानं लावलं. असेलही. मी काय त्याच्या घरी बघायला गेलो नाही.

आता भावाचं. दोन वेगळ्या वजनाच्या गाड्यांचे भाव शेजारी ठेवून काही कळत नाही. मी एक साधी पद्धत धरतो, किलोमागं किती. मागितलेला भाव भागिले पेलोड. पाच लाख तीस हजाराला तेराशे किलो मिळत असते तर किलोमागं चारशे आठ रुपये. त्याच पैशात हजार किलो म्हणजे पाचशे तीस. म्हणजे किलोमागं सव्वाशेच्या आसपास जास्त, एकूण सव्वा लाखाचा फरक. चारशे आठच्याच हिशेबानं त्या गाडीला चार लाख आठ हजार होतात. बनल्याचं वर्ष एक आधीचं, म्हणून भाच्यानं चार लाख सांगितले. तो हसला म्हणे. आम्ही सोडली.

भाव खरा आहे का बघायला आणखी एक कागद उपयोगी पडतो, चालू विम्याची पॉलिसी. तिच्यावर आयडीव्ही म्हणजे गाडीची विम्याची किंमत असते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला नव्या किमतीतून चाळीस टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला पन्नास टक्के घसारा धरतात. टेम्पोचा बाजारभाव आयडीव्हीच्या वर जातो, मागणी असते. पण मागितलेला भाव आयडीव्हीच्या फारच वर असेल तर का आहे हे विकणाऱ्यानं दाखवलं पाहिजे, नवे टायर, नवीन फिटनेस, काहीतरी. आणि मोबाईलवर दिसतात ते मागितलेले भाव असतात, सौदे नाहीत. एकाच मॉडेलच्या, एकाच सालाच्या सात-आठ गाड्या बघून मधला धरायचा आणि त्यातून आपलं घासाघाशीचं कापायचं.

शनिवारी दुसरी गाडी आली, दोस्त. या माणसानं मागायच्या आधी आरसी पाठवली. भरलेल्यातून रिकामं वजा केलं, बरोबर साडेबाराशे. भाव चार लाख नव्वद. किलोमागं तीनशे ब्याण्णव. भाचा खूश. मी फोटो बघत बसलो आणि हौद्यावरची जाळी डोळ्यात भरली. चांगली पुरुषभर उंच, अँगल आणि पत्र्याची. म्हणलं, ही जाळी कंपनीची नाही, नंतर चढवलेली, आणि हिचं वजन बुकात नसणार. सौदा करायच्या आधी रिकामी गाडी वजनकाट्यावर घाल, डिझेल अर्धी टाकी असू दे, आत कुणी बसू नका.

पावती आली. बुकातल्या रिकाम्या वजनापेक्षा एकशे तीस किलो जास्त. म्हणजे साडेबाराशेतले अकराशे वीसच आपले. किलोमागं तीनशे ब्याण्णवचे चारशे सदतीस झाले. त्यातून ड्रायव्हर-हमाल वजा करून ९८०, म्हणजे चव्वेचाळीस क्रेट. भाच्यानं पावती त्या माणसापुढं ठेवली. तो सरळ माणूस, म्हणाला मलाबी ठाऊक नव्हतं, मी काय कधी रिकामी तोलली नाही. पंधरा हजार कमी केले. चार पंचाहत्तरला सौदा झाला, बोजा नव्हता, फिटनेस आठ महिने बाकी होता.

जाळीचा वरचा अर्धा भाग कापून टाकायचा विचार आहे. क्रेटला एवढी उंच जाळी लागतच नाही. गावातल्या फॅब्रिकेटरला दाखवलं, तो म्हणतो साठ किलो सहज निघतील. म्हणजे दोन-तीन क्रेट परत येतील. रविवारी कापून घेऊ, परत काट्यावर घालू आणि आकडा इथं टाकतो. कुणाकडं दोस्तवर हलकी क्रेटची जाळी असेल तर फोटो पाठवा, सरळ बाजूनं काढलेला.